एक लांब, दोन आखूड

महाड-पोलादपूरकडे जुलै-ऑगस्टमध्ये ‘डिस्प्ले येत नाही’ ही तक्रार जितकी येते, तितकी वर्षभरात एरवी येत नाही. चार दिवस झड लागते, लाइट जाते-येते, दुकान बंद राहतं, आणि पाचव्या दिवशी संगणक चालू केला की पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडदा काळाच. अशा वेळी संशय दोघांवर येतो. एक रॅम, दुसरं ग्राफिक्स कार्ड. दोघांपैकी कुणीही रुसलं तरी पडदा सारखाच काळा राहतो, म्हणून नुसतं बघून काही कळत नाही. कॅबिनेटमध्ये बझर असेल तर ऐकून मात्र कळतं.

आमच्या भागात हे ऐकणं नीट जमलं पाहिजे, त्याला कारण आहे. रॅमची एखादी जुनी-नवी स्टिक महाडच्या बाजारात मिळून जाते. ग्राफिक्स कार्ड मात्र बहुधा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून नाहीतर पुण्याहून मागवावं लागतं. पावसाळ्यात वरंधा घाट कधी बंद होईल याचा नेम नसतो, मुंबई-गोवा महामार्गाची अवस्था सर्वांना ठाऊक आहे. निदान चुकलं तर कार्ड येईपर्यंत दुकान बसतं, आणि कार्ड बसवल्यावरही पडदा काळाच राहतो.

बझरच्या आवाजांतला सर्वांत फसवा म्हणजे एक लांब आणि दोन आखूड बीप. बहुतेक मेकॅनिकांच्या तोंडपाठ तक्त्यात याचा अर्थ ‘डिस्प्ले कार्ड’ असा असतो, आणि तो खोटा नाही. पण आज बाजारात असलेल्या कितीतरी बोर्डांवर हाच आवाज ‘मेमरी मिळाली नाही’ असं सांगत असतो. एकाच आवाजाचे दोन उलटे अर्थ कसे झाले, हे समजण्यासाठी पार 1981 पर्यंत मागे जावं लागतं.

आयबीएमने आपला पहिला पीसी, मॉडेल 5150, 12 ऑगस्ट 1981 रोजी जाहीर केला. त्याच्या बायोसचं, म्हणजे बोर्डावरच्या रॉममध्ये कायम बसलेल्या पहिल्या प्रोग्रॅमचं काम ज्या इंजिनिअरांनी केलं त्यात डेव्हिड ब्रॅडली प्रमुख होते. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट ही तीन बटणांची जोडणी त्यांचीच. यंत्र चालू झालं की ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधी बायोस स्वतःची तपासणी करायचा. आधी प्रोसेसर, मग रॉम, टायमर, मेमरीचा पहिला तुकडा, मग डिस्प्ले, मग उरलेली मेमरी, कीबोर्ड आणि ड्राइव्ह. काही बिघाड सापडला तर पडद्यावर एक आकडा दाखवायचा. मेमरीच्या बिघाडाला 201, कीबोर्डला 301. सर्व्हिसवाला पुस्तिकेत तो आकडा शोधून भाग बदलायचा.

अडचण अशी होती की 5150 च्या बोर्डावर डिस्प्लेची सोय नव्हतीच. त्यासाठी वेगळं कार्ड घ्यावं लागे, अक्षरांपुरतं मोनोक्रोम नाहीतर रंगीत सीजीए. आता ते कार्डच बिघडलं तर तो आकडा दाखवायचा कुठे? बिघाडाची बातमी देणारं साधनच बिघाडात सापडलेलं. म्हणून आयबीएमने कॅबिनेटमध्ये असलेल्या लहानशा स्पीकरला कामाला लावलं. बायोसमध्ये आवाज काढणारा एक छोटा उपप्रोग्रॅम होता. त्याला दोन आकडे द्यायचे, पहिला लांब बीप किती आणि दुसरा आखूड बीप किती. डिस्प्ले कार्डाच्या चाचणीत चूक निघाली की बायोस एवढंच करायचा:

```
MOV DX,0102H
CALL ERR_BEEP
```

`0102` मधला 01 म्हणजे एक लांब, 02 म्हणजे दोन आखूड. आपल्या मेकॅनिकांच्या तोंडी असलेला हा आवाज जन्माला आला तो असा. त्याचा सूरही ठरलेला होता. बोर्डावरच्या टायमर चिपला सेकंदाला सुमारे 11 लाख 93 हजार टिचक्या मिळत, आणि बायोस तिला त्यांना 1331 ने भागायला सांगे. भागाकार येतो सुमारे 896, म्हणजे सेकंदाला 896 कंपनांचा आवाज. बायोसच्या छापील यादीत त्या ओळीसमोर 1000 कंपनं असं लिहिलेलं आहे, पण भागाकार करून पाहिलं तर तो आकडा थोडा खालीच भरतो.

छापील यादी हा शब्द इथे मुद्दाम वापरला. आयबीएमने बायोसची पूर्ण ओळ-न्-ओळ आपल्या टेक्निकल रेफरन्स पुस्तकात छापून विकायला ठेवली होती. पुढे जे घडलं त्याचं मूळ या पुस्तकात आहे.

पण त्याआधी मेमरीचं बघू, कारण आयबीएमच्या त्या मूळ यादीत मेमरीसाठी बीप नव्हताच. वरची मेमरी बिघडली तर तोवर डिस्प्ले चालू झालेला असे, म्हणून 201 पडद्यावर येई. आणि अगदी पहिले 16 केबीच खराब असले तर? तर यंत्र काही न बोलता थांबून राही. पंखा फिरतोय, आवाज नाही, पडदा काळा. मेलेल्या यंत्राचं लक्षण आणि मेमरी गेल्याचं लक्षण एकच.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. प्रोग्रॅम जेव्हा एखाद्या उपप्रोग्रॅमकडे जातो तेव्हा ‘काम संपल्यावर परत कुठे यायचं’ तो पत्ता मेमरीत एका ठिकाणी टिपून ठेवतो. वरच्या दोन ओळींतला `CALL` नेमकं तेच करतो. आता मेमरीच चालत नसेल तर पत्ता टिपायचा कुठे? बीपच्या उपप्रोग्रॅमपर्यंत जाता येईल, पण तिथून परतता येणार नाही. म्हणजे ‘मेमरी गेली’ असं ओरडण्यासाठीसुद्धा मेमरी लागते. पुढच्या बायोसवाल्यांनी ही गाठ सोडवली ती परतीचा पत्ता मेमरीऐवजी प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये किंवा रॉममध्येच ठेवून. काम किचकट, कारण रजिस्टर मोजकेच, पण त्यामुळे मेमरीला पहिल्यांदा स्वतःचा आवाज मिळाला.

हे पुढचे बायोसवाले कोण, ते सांगायला हवं. आयबीएमसारखाच चालणारा संगणक बनवायचा तर आयबीएमसारखाच वागणारा बायोस हवा, पण छापलेली यादी आयबीएमच्या मालकीची. तिच्यातल्या ओळी उचलणाऱ्याला कोर्टात उभं राहावं लागलं असतं. कॉम्पॅकने 1982 मध्ये आपला बायोस स्वतंत्रपणे लिहून घेतला. फिनिक्स या कंपनीने 1984 मध्ये तसा बायोस तयार करून कुणालाही विकायला काढला. पद्धत अशी की ज्यांनी आयबीएमची यादी वाचली ते फक्त ‘बायोसने काय काय केलं पाहिजे’ एवढं लिहून देणार, आणि ज्यांनी ती कधी पाहिली नाही ते नव्याने प्रोग्रॅम लिहिणार. प्रोग्रॅमांना चालण्यासाठी जे जे लागतं ते तंतोतंत जुळवावं लागलं. बिघाडाच्या वेळी किती वेळा वाजायचं, यावर मात्र कुठलाही प्रोग्रॅम अवलंबून नव्हता. तिथे प्रत्येकाला मोकळं रान मिळालं, आणि बीपच्या भाषेची फाटाफूट झाली ती इथे.

फिनिक्सने गटागटाने वाजवायला सुरुवात केली. एक, थांबून तीन, थांबून तीन, असं. त्यातून बिघाडाची जागा बरीच नेमकी कळे, पण ऐकणाऱ्याला कागद-पेन्सिल घेऊन बसावं लागे. 1985 मध्ये सुब्रमण्यन शंकर या भारतीय इंजिनिअरने अमेरिकेत अमेरिकन मेगाट्रेंड्स, म्हणजे एएमआय सुरू केली. एएमआयच्या बायोसने सरळ मोजणी ठेवली. तीन बीप म्हणजे पहिल्या 64 केबी मेमरीत बिघाड, आठ बीप म्हणजे डिस्प्लेच्या मेमरीत बिघाड. रॅम की कार्ड, या प्रश्नाला तीन की आठ इतकं स्वच्छ उत्तर आधी कुणी दिलं नव्हतं, आणि माझ्या मते नंतरही फार कुणी दिलं नाही. तिसरी कंपनी अवॉर्ड. तिने आयबीएमचा एक लांब, दोन आखूड डिस्प्लेसाठी तसाच ठेवला. 1998 मध्ये फिनिक्स आणि अवॉर्ड एक झाल्या तरी बोर्डांवर अवॉर्डचं नाव पुढेही बरीच वर्षं येत राहिलं.

आपल्याकडे असेंबल्ड संगणक गावोगाव पोचले, एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्यांच्या गावी उघडले, तेव्हा बाजारातल्या बोर्डांवर मुख्यतः अवॉर्ड आणि एएमआय होते. जुन्या मेकॅनिकांचं तोंडपाठ ज्ञान त्या काळातलं आहे. एक लांब दोन आखूड, कार्ड बघा. लांब-लांब वाजत राहिलं, रॅम पुसून लावा. त्या काळी ते बहुतेक वेळा बरोबर यायचं, म्हणूनच ते इतकं घट्ट बसलं.

पण तेव्हाही ते सगळीकडे लागू नव्हतं. इंटेल स्वतःचे बोर्ड विकत असे तेव्हा त्यांच्या पुस्तिकांत मेमरीला तीन बीप आणि डिस्प्लेला दोन असत. गीगाबाइटच्या अवॉर्ड बायोसच्या पुस्तिकांमध्ये एक लांब दोन आखूड म्हणजे मॉनिटर किंवा ग्राफिक्स कार्ड, पण लांब बीप सलग वाजत राहिले तर अर्थ ‘ग्राफिक्स कार्ड नीट बसलेलं नाही’. अवॉर्डच्या सर्वसाधारण तक्त्यांत तोच सलग लांब आवाज रॅमचा. आणि आसुसच्या एएमआय बायोसच्या बोर्डांनी तर जोडीच बदलली. एक लांब दोन आखूड म्हणजे मेमरी मिळाली नाही, एक लांब तीन आखूड म्हणजे डिस्प्ले मिळाला नाही. यातला दुसरा अर्थ आयबीएमच्या यादीशी जुळतो, कारण 1984 च्या ईजीए कार्डासाठी आयबीएमने एक लांब तीन आखूड वापरला होता. पहिला मात्र आयबीएमच्या बरोबर उलट आहे. आसुसचे बोर्ड आपल्याकडे भरपूर खपले, आणि 1981 चा अर्थ मनात धरून ऐकणारा माणूस त्यांच्यावर हमखास कार्डाच्या मागे लागतो.

मग धरायचं काय? आकडे बदलत गेले, तपासणीचा क्रम मात्र बदलला नाही. मेमरी आधी, डिस्प्ले नंतर. यात कुणा कंपनीची मर्जी नाही, ती गरज आहे. ईजीएपासून प्रत्येक ग्राफिक्स कार्ड आपला स्वतःचा छोटा बायोस बरोबर घेऊन येतं. मुख्य बायोस तो कार्डावर शोधतो, मेमरीत आणतो आणि चालवतो, तेव्हा कुठे पडद्यावर पहिलं अक्षर येतं. मेमरीच नसेल तर कार्डाचा बायोस चालवणार कुठे? यूईएफआय आल्यावर हा क्रम लेखी नियमात बसला. आधीच्या टप्प्यात, ज्याला पीईआय म्हणतात, मेमरी चालू करायची. त्या वेळी मेमरी नसते म्हणून प्रोसेसरच्या कॅशचाच तात्पुरती मेमरी म्हणून वापर करतात, आणि परतीच्या पत्त्याची जुनी गाठ तिथे कायमची सुटली. पुढच्या, डीएक्सई नावाच्या टप्प्यात डिस्प्ले आणि बाकीची उपकरणं. एएमआयच्या यूईएफआयच्या मूळ यादीत पीईआय टप्प्यातला एक बीप म्हणजे मेमरी बसवलेली नाही, आणि डीएक्सई टप्प्यातले पाच बीप म्हणजे पडदा दाखवणारं उपकरण सापडलं नाही. बोर्ड बनवणारे यावर आपापले आवाज चढवतात, पण टप्प्यांची अदलाबदल कुणाला करता येत नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. डिस्प्लेचा बीप ऐकू आला तर मेमरी निदान पहिल्या चाचणीतून पार पडलेली आहे. आणि मेमरीचा बीप वाजत असेल तर ग्राफिक्स कार्डाबद्दल बोर्डाने अजून काहीच तपासलेलं नाही, म्हणून कार्ड काढा नाहीतर ठेवा, आवाजात फरक पडणार नाही. ही दुसरी गोष्ट हातात धरून तक्त्याशिवायही निदान करता येतं.

मागच्या पावसाळ्यातलं एक यंत्र सांगतो. पोलादपूरला फ्लेक्स आणि लग्नपत्रिका डिझाइन करणाऱ्या एका दुकानातलं. आय5-9400एफ प्रोसेसर, डीडीआर4 च्या आठ-आठ जीबीच्या दोन स्टिक, साधं दोन जीबीचं ग्राफिक्स कार्ड. प्रोसेसरच्या नावातला शेवटचा ‘एफ’ महत्त्वाचा, कारण त्या प्रोसेसरमध्ये स्वतःचा डिस्प्ले नसतो. बोर्डाच्या मागे एचडीएमआयचं तोंड दिसतं, पण ते निकामीच. पडदा हवा तर कार्ड हवंच.

दुकानदाराने फोनवर सांगितलं, “भाऊ, एक लांब, दोन छोटे वाजतायत. इथल्या पोराने कार्ड गेलं म्हणून सांगितलं. मुंबईला सांगून ठेवू का?”

“कार्ड सध्या मागवू नका, दादा. आधी बघू.”

दुकानात गेल्यावर आधी एसएमपीएसचं बटण बंद, वायर काढली, आणि कॅबिनेटचं चालू करायचं बटण काही सेकंद दाबून धरलं. बंद यंत्रातही बोर्डावर पाच व्होल्टची राखीव लाइन जागी असते. ती रिकामी केल्याशिवाय रॅम किंवा कार्ड काढू नये. मग बझर खरोखर बोर्डाच्या स्पीकर पिनांवर आहे का ते बघितलं, आणि मॉनिटरची वायर कार्डालाच आहे, बोर्डाच्या निकाम्या तोंडाला नाही, याची खात्री केली. त्या निकाम्या तोंडापायी मी लोकांना तासन्‌तास घालवताना पाहिलं आहे.

मग कार्ड काढून ठेवलं आणि चालू केलं. एक लांब, दोन आखूड. तेच. कार्ड बोर्डावर नाही आणि आवाज जसाच्या तसा. हा आवाज कार्डाचा असता तर तो कार्ड असताना आणि नसताना दोन्ही वेळा येऊ शकला असता, म्हणून एवढ्यावर थांबून चालत नाही. पुढची पायरी म्हणून दोन्ही रॅम काढल्या, स्लॉट पूर्ण रिकामे ठेवून चालू केलं. पुन्हा एक लांब, दोन आखूड. आता गोष्ट स्पष्ट झाली. रॅम अजिबात नसताना हा बोर्ड जे ओरडतो, तेच तो रॅम लावलेली असतानाही ओरडत होता. म्हणजे दोन स्टिक डोळ्यांना दिसत असल्या तरी बोर्डाच्या लेखी त्या नव्हत्याच.

स्टिक उजेडात धरल्या. डीडीआर4 च्या स्टिकवर 288 सोनेरी पट्ट्या असतात, आणि तिची खालची कड मधे किंचित फुगीर असते, म्हणजे बसवताना सगळ्या पट्ट्यांचा जोर एकदम येत नाही. एका स्टिकच्या मधल्या भागातल्या पट्ट्यांवर तपकिरी झाक होती. सोनं गंजत नाही, हे खरं. पण हा मुलामा अतिशय पातळ असतो, त्यात सूक्ष्म छिद्रं असतात, आणि त्याखाली निकेल आणि तांबं. आमच्याकडच्या दमट हवेत त्या छिद्रांतून खालचा धातू खराब होऊन वर येतो, त्यावर धूळ बसते, आणि एवढ्याशा टोकाचा संपर्क तुटतो. त्या दुकानाच्या मागच्या भिंतीला पावसात ओल येते आणि कॅबिनेट त्याच भिंतीला टेकून होतं.

खोडरबराने रॅम पुसण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. चालते, पण हलक्या हाताने आणि पांढऱ्या मऊ रबराने. वाळूचं, शाईचं रबर मुलाम्यावर चरे पाडतं, आणि दोन-तीन पावसाळ्यांनी तीच स्टिक अधिक लवकर रुसते. मी आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेलं सुती कापड वापरतो, डाग राहिला तरच रबर, आणि रबराचा चुरा पूर्ण झटकून पुन्हा अल्कोहोल. स्लॉटमध्ये रबर, पिन, टूथब्रश काही घालत नाही. ब्लोअरने हवा मारायची, बस.

मग एकच स्टिक, प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये. बऱ्याच बोर्डांवर एकट्या स्टिकची ती जागा असते, बोर्डाच्या पुस्तिकेत तसं दिलेलं असतं. दोन्ही टोकांनी सारखा दाब देऊन बसवली, आणि कड सरळ रेषेत आहे का ते पाहिलं, कारण काही बोर्डांवर खिट्टी एकाच बाजूला असते आणि दुसरं टोक वर राहिलं तरी खटका ऐकू येतो. कार्ड अजून बाहेरच. चालू केलं. या वेळी दोन-तीन सेकंद जास्त शांतता, आणि मग एक लांब, तीन आखूड.

हा आवाज ऐकून दुकानदार घाबरला, मला मात्र हायसं वाटलं. मेमरीचा टप्पा पार झाला होता, बोर्ड पुढे जाऊन डिस्प्ले शोधत होता, आणि कार्ड तर माझ्या हातात होतं. आवाज उशिरा आला तोही त्यामुळेच, कारण मेमरी तपासून मगच डिस्प्लेची पाळी येते. या बोर्डाचे दोन्ही आवाज आता तक्ता न उघडता कळले होते. मग कार्ड बसवलं, एक आखूड बीप, आणि पडद्यावर कंपनीचं चिन्ह. दुसरी स्टिक साफ करून लावल्यावर तीही चालली. नवं कार्ड लागलं नाही, नवी रॅमही नाही. कॅबिनेट भिंतीपासून दूर, फळीवर ठेवायला लावलं.

ही रीत कुठल्याही अनोळखी बोर्डावर चालते. सगळी रॅम काढून एकदा ऐका, तो त्या बोर्डाचा मेमरीचा आवाज. चांगली रॅम लावून कार्ड काढून एकदा ऐका, तो डिस्प्लेचा. बिघाडाच्या वेळचा आवाज यांपैकी कशाशी जुळतो ते बघा. दुसऱ्या चाचणीसाठी चालू स्थितीतली एक स्टिक जवळ हवी, म्हणून मी डीडीआर3 आणि डीडीआर4 ची एकेक पिशवीत ठेवतो. प्रोसेसरला स्वतःचा डिस्प्ले असेल तर ही दुसरी चाचणी वाजणार नाही. कार्ड काढलं की बोर्ड आपलाच डिस्प्ले वापरतो, आणि मॉनिटरची वायर बोर्डाला लावली की पडदा येतो. तो आला तर कार्डावरचा संशय त्यातच पक्का होतो.

बीप काय सांगत नाही, तेही लक्षात ठेवायला हवं. बीपची तपासणी वरवरची असते. मेमरी आहे, पहिल्या भागात लिहिता-वाचता येतं, इतकंच ती पाहते. वरच्या भागातला एखादा खराब बिट तिच्या हाती लागत नाही. यंत्र एक आखूड बीप देऊन चालू होतं आणि विंडोज उघडताना निळा पडदा येतो. अशा वेळी मेमटेस्ट86 सारखा प्रोग्रॅम रात्रभर चालवून बघावा लागतो. ग्राफिक्स कार्डाचंही तसंच. कार्ड उत्तर देतंय, त्याचा बायोस चालतोय, एवढं झालं की बोर्ड समाधानी. पडद्यावर रंगीत चौकटी किंवा उभ्या रेषा येत असतील तर कार्डाची मेमरी किंवा चिप गेलेली असते, पण बीप मात्र सगळं ठीक असल्याचा. आणि बोर्डावरच्याच डिस्प्लेच्या यंत्रात दोन्ही संशय एकमेकांत मिसळतात. तो डिस्प्ले संगणकाच्या रॅममधलाच हिस्सा वापरतो, म्हणून पडद्यावरची घाण रॅमच्या बिघाडाने आलेली असू शकते. तिथे कार्ड आणण्याआधी स्टिक बदलून बघणं हेच शहाणपण.

पुरात बुडालेल्या यंत्रांवर तर बीपचा फार भरवसा धरू नये. 22 जुलै 2021 ला सावित्री आणि गांधारीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा काउंटरखाली ठेवलेले संगणक पूर्ण गाळात गेले. असा बोर्ड वाळवून चालू केला आणि मेमरीचा बीप आला, तरी दोष रॅमचा असेलच असं नाही. स्लॉटच्या तळाशी बसलेला बारीक गाळ दमट हवेत वीज झिरपू देतो, पट्ट्या-पट्ट्यांमध्ये जोडणी होते, आणि बोर्डाला स्टिक ओळखता येत नाही. अशा बोर्डाची बॅटरी काढून तो स्वच्छ पाण्याने, मग अल्कोहोलने धुऊन, पूर्ण सुकवल्यावरच त्याच्या आवाजाला काही अर्थ उरतो. न धुता पुन्हा-पुन्हा चालू करून ऐकत बसलं तर जे वाचण्यासारखं होतं तेही जळतं.

नव्या बोर्डांवर बझर बरोबर येईनासा झाला आहे. त्याऐवजी बोर्डाच्या कडेला चार बारीक दिवे असतात, प्रोसेसर, डीरॅम, व्हीजीए आणि बूट, आणि तपासणी जिथे अडली तो दिवा लागून राहतो. दिव्यांचा क्रमही तोच, डीरॅम आधी, व्हीजीए नंतर. यात अर्थाचा घोळ उरला नाही, ही फार मोठी सोय झाली. पण डीडीआर5 च्या यंत्रांवर एक नवी फसगत सुरू झाली आहे. नवी रॅम लावल्यावर किंवा बायोसची बॅटरी काढल्यावर पहिल्यांदा चालू करताना बोर्ड रॅमची वेळ जुळवत बसतो, त्याला काही मिनिटंसुद्धा लागतात, आणि तेवढा वेळ डीरॅमचा दिवा पेटलेला आणि पडदा काळा असतो. तो बिघाड नव्हे. मधेच बटण दाबून बंद केलं तर सगळं पहिल्यापासून सुरू होतं. स्वस्त बोर्डांवर हे दिवेही नसतात, फक्त स्पीकर लिहिलेल्या चार पिना मोकळ्या असतात. त्यांवर लावायचा बझर अगदी थोड्या पैशांत मिळतो. तो लावताना धनची खूण असलेली बाजू पाच व्होल्टच्या पिनेकडे ठेवायची.